नखाएवढी पाटी

सकाळी ८:४०

कराडमधली एक गल्ली. खाली पिठाची गिरणी, वर दहा बाय बाराची खोली. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरते. टेबलावर बावीस हजारांना सेकंडहँड घेतलेला संगणक, एक साधा माउस आणि काच तडकलेला एक जुना स्वस्त मोबाइल. "तो चाचणीचा," डिझायनर म्हणतो. वय अठ्ठावीस. आधी चार वर्षे फ्लेक्सच्या दुकानात होता. तिथे काम चौरस फुटावर मोजायचे. इथे नगावर. एका थंबनेलचे तीनशे रुपये.

थंबनेल म्हणजे व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारे चित्र. आजचा व्हिडिओ अळूवडीचा. चॅनेल डोंबिवलीच्या एका ताईंचे. श्रावण सुरू आहे, बाजारात अळूच्या जुड्या आल्या आहेत. व्हिडिओ संध्याकाळी सहाला जाणार. त्याआधी चित्र हवे.

सकाळी ९:१०

व्हॉट्सॲपवर त्रेचाळीस फोटो आले आहेत. तो एक उघडतो, मोठा करतो. वडीच्या कडेला चौकोनी ठिपके. व्हॉट्सॲपने फोटो दाबून लहान केला आहे. तो फोन लावतो.

"ताई, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा ना. पिनेच्या खुणेत जाऊन डॉक्युमेंट निवडायचं."

"अरे, मागच्या वेळीच सांगितलं होतंस. विसरलेच बघ."

फोटो पुन्हा येतात. तो ते एकेक करून बघत बसत नाही. सगळे एका फोल्डरमध्ये टाकून सर्वांत लहान आकारात लावतो. पडद्यावर बोराएवढ्या चित्रांच्या रांगा.

"आता यात अळूवडी कुठली, ते सांगा," तो मला म्हणतो.

मला सापडत नाही. स्टीलचे ताट, त्यात बारा वड्या, बाजूला अळूचे पान, मागे गॅसची शेगडी. मोठ्या पडद्यावर तोंडाला पाणी सुटेल असा फोटो. लहान झाल्यावर बारा तपकिरी ठिपके. कटलेट असतील, शामी कबाब असतील, काहीही असेल. ताटाची चकाकी तेवढी डोळ्यांत येते.

"अळूवडीची ओळख रंगात नाही," तो म्हणतो. "आतल्या वेढ्यात आहे. बारा दाखवल्या तर एकीचाही वेढा दिसत नाही. एकच दाखवायची. मोठी."

सकाळी ९:५०

पुन्हा फोन. आता मागणी नव्या फोटोची. ताईंकडे दोन वड्या उरल्या आहेत, बाकीच्या घरच्यांनी संपवल्या.

"एक पुरते. कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे करून उभी ठेवा. पांढऱ्या बशीत. गॅसजवळ नको, खिडकीजवळ. उजेड एका बाजूने येऊ दे. फ्लॅश बंद."

"तेल लावू का वरून? चमकेल."

"थोडं. बोटाने. वेढ्याच्या कडा उठून दिसतील. ओतू नका, नाहीतर तेलकट दिसेल."

दहा मिनिटांनी फोटो येतो. खिडकीचा उजेड डावीकडून पडला आहे. पिठाचा फिकट वेढा आणि पानाचा गडद वेढा, एकाआड एक. तो फोटो बोराएवढा करून बघतो. आता मलाही कळते. अळूवडी.

सकाळी १०:३०

खालून चहा येतो. दोन कप, वीस रुपये.

कागद मांडला जातो. १२८० पिक्सेल रुंद, ७२० उंच. थंबनेलचे नेहमीचे माप. पण तो लगेच शेजारी दुसरी खिडकी उघडतो. त्याच फाइलचे लहान रूप, १६८ बाय ९४. संगणकावर एखादा व्हिडिओ चालू असताना बाजूच्या यादीत चित्र साधारण एवढे दिसते, असे धरून तो चालतो.

"काम डाव्या खिडकीत करायचं, बघायचं उजव्या खिडकीत," तो म्हणतो. १२८० ला १६८ ने भागले की साधारण साडेसात येतात. म्हणजे मोठ्या चित्रातल्या साडेसात पिक्सेलचा तिथे एक होतो. हा भागाकार त्याच्या तोंडात दिवसभर असतो.

मग तो खाली उजव्या कोपऱ्यात एक करडा चौकोन काढतो. अडीचशे रुंद, एकशेतीस उंच. ही जागा रिकामी ठेवायची. तिथे यूट्यूब व्हिडिओची वेळ चिकटवते, काळ्या पट्टीत. चित्र लहान झाले तरी पट्टीतले आकडे वाचता यावे लागतात, म्हणून ती चित्राच्या प्रमाणात लहान होत नाही. मोठ्या चित्रात कोपऱ्यात टिकलीएवढी दिसणारी पट्टी लहान चित्रात चांगली जागा खाते. मागे एकदा त्याने तिथे 'नाही' शब्द ठेवला होता. शीर्षक होते 'मैदा नाही'. यादीत दिसले नुसते 'मैदा'.

सकाळी ११:००

वडी कापून काढायची. गिंप नावाचे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात. पाथ घेऊन तो कडेकडेने ठिपके टाकत जातो. एकूण साठेक ठिपके. तळलेल्या पानाची कड खडबडीत असते. तो ती पूर्ण गुळगुळीत करत नाही. केली तर वडी प्लास्टिकची दिसते.

मग मागचा रंग. ताईंना हिरवा हवा होता, अळूचा म्हणून. वर लाल अक्षरे. तो तसे करून दाखवतो. रंगीत पडद्यावर झकास दिसते. मग चित्रातला रंग काढून ते करडे करतो. अक्षरे गायब. त्या लाल आणि हिरव्याचा गडदपणा सारखाच होता.

"लहान चित्रात डोळा रंग नंतर बघतो, आधी काळं-पांढरं बघतो," तो म्हणतो.

तो हिरवा काढतो, हळदीचा पिवळा घालतो. अगदी फिकट नाही. फिकट केला तर यूट्यूबच्या पांढऱ्या पानावर चित्राची कड हरवते. पुन्हा करडे करून बघतो. मागचा भाग उजळ, वडी गडद. वडी उजवीकडे, पाचशे पिक्सेल रुंद. भागाकार केला की सहासष्ट. वेढे दिसतात.

दुपारी १२:००

गिरणीवर गर्दी आहे. टेबल थरथरतेय. आता अक्षरे.

ताईंनी पाठवलेले शीर्षक: 'घसा न खवखवणारी खुसखुशीत अळूवडी'. तो ते तसेच टाइप करतो. इंकस्केपमध्ये. तेही फुकट. मराठी जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यात नीट बसतात. पूर्वी फ्लेक्सच्या दुकानात एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसायची, मग ती हाताने उचलून आणावी लागे.

पाच शब्दांना तीन ओळी लागतात. अक्षराची उंची येते एकशेदहा. भागिले साडेसात. चौदा-पंधरा पिक्सेल. तो उजव्या खिडकीकडे बोट करतो.

"वाचा."

मी वाचतो. 'धसा न'... पुढे अडतो. 'रवव' असे काहीतरी. मग एक काळा पट्टा, त्याखाली 'अकवडी' की काय.

तो एकेक अक्षर मोठे करून दाखवतो. 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक केवढा? 'ध'ची शिरोरेघ डावीकडे तुटते, तिथे एक गाठ असते. ती फट मोठ्या चित्रात आठ-दहा पिक्सेलची. लहान चित्रात एकच. ती बुजली की दोन्ही अक्षरे सारखीच. 'ख'चे तर जुनेच दुखणे. सुटा काढला की तो 'रव' वाचला जातो, म्हणून त्याचे दोन भाग खाली जोडून घ्यायची पद्धत आली. इथे तो जोडच दिसत नाही. आणि शीर्षकात 'ख' चार.

"खुसखुशीत बघा. दोन उकार खाली लोंबतायत, एक वेलांटी वर चढलीय. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना धडकतात. ओळींत अंतर वाढवलं तर अक्षर आणखी लहान होतं."

राहिला 'ळ'. त्याच्या पोटातल्या दोन फटी चौदा-चौदा पिक्सेलच्या. म्हणजे दोनाहून कमी. वरून त्याला दीर्घ उकार. 'ळू'चा तिथे गोळा होतो.

दुपारी १२:५०

"मग जाड अक्षर घ्या," मी म्हणतो.

तो हसतो. मोदक नावाचा फाँट लावतो. नावासारखाच फुगलेला. अक्षरातल्या फटी केसाएवढ्या. दुकानाच्या पाटीवर तो फाँट शोभून दिसतो. उजव्या खिडकीत मात्र अक्षरांच्या जागी काळे दगड ठेवल्यासारखे वाटतात.

"अक्षर शाईने वाचत नाहीत. शाईच्या मधल्या मोकळ्या जागेने वाचतात. जाडी वाढवली की ती जागा खाल्ली जाते."

मग तो मुक्त लावतो, एक्स्ट्राबोल्ड. मुंबईच्या एक टाइपने केलेला फाँट, फुकट मिळतो. दांडा जाड, पण पोट मोकळे. बरे दिसते. तरी 'खवखव' वाचता येत नाही ते नाहीच.

मी सुचवतो, अक्षरांमध्ये अंतर वाढवा. तो वाढवतो. शिरोरेघ तुटते. 'व डी' असे सुटे सुटे तुकडे दिसतात. इंग्रजीत चालणारी युक्ती इथे चालत नाही. शब्द म्हणजे एका रेघेला टांगलेली अक्षरे. रेघ तुटली की शब्द तुटला.

दुपारी १:२०

वीज जाते. इन्व्हर्टर नाही. गिरणीही थांबते. तो डबा उघडतो. भाकरी, मेथी, ठेचा.

जेवता जेवता हिशोब सांगतो. ताईंचे महिन्याला आठ व्हिडिओ, म्हणजे चोवीसशे. असे चार चॅनेल कायमचे. बाकी सुटी कामे. काही लोक ठरलेल्या साच्यात नुसता फोटो आणि नाव बदलून घेतात, त्याचे एकशेवीस. खोलीचे भाडे तीन हजार. इंटरनेट सहाशे. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पन्नास. "पण पन्नास कुणी देत नाही," तो म्हणतो. "तिसरी दुरुस्ती मात्र सगळे सांगतात."

दुपारी २:१०

वीज आली. तो टाइप करत नाही. वही घेतो. व्हिडिओ पुन्हा बघतो, कानाला इअरफोन लावून. आठ मिनिटे बेचाळीस सेकंद. काय काय आहे, ते लिहीत जातो. पाने उलटी ठेवून शिरा लाटण्याने चेपणे. बेसन, तांदळाचे पीठ, गूळ, चिंच. गुंडाळी. पंधरा मिनिटे वाफ. मग कापून तळणे.

तिसऱ्या मिनिटाला ताई म्हणतात की दहा पानांना लिंबाएवढी चिंच घ्या, कमी पडली तर घसा धरेल. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. चिंचेच्या आंबटपणाने तो त्रास कमी होतो. म्हणून घरोघरी चिंच घालतात. किती घालायची, ते मात्र प्रत्येकीचे वेगळे.

तो तिथे थांबतो. वहीत दोन शब्द लिहितो. चिंच किती?

"आता बघा. च, क, त. तिन्ही अक्षरं मोकळी. एकही उकार नाही, म्हणजे खाली काही लोंबत नाही. ख नाही, घ नाही, ळ नाही. आणि ज्याची वडी घसा धरते, त्याचा प्रश्न हाच असतो."

"पण अळूवडी शब्दच नाही," मी म्हणतो.

"वडी दिसते ना. आणि चित्राच्या खाली यूट्यूब पूर्ण नाव छापतंच. तिथे 'घसा न खवखवणारी अळूवडी' राहू दे. तेच वर पुन्हा लिहायला जागा कुठे आहे?"

दुपारी २:४५

ताईंचा फोन. त्यांना पटत नाही.

"अरे, चिंच किती म्हणजे काय? लोकांना वाटेल चिंचेची चटणी आहे."

"ताई, चित्र पाठवलंय. मोबाइल हात लांब करून धरा आणि सांगा काय दिसतंय."

थोडा वेळ शांतता.

"वडी दिसतेय. वाचता येतंय. पण खुसखुशीत शब्द हवा होता रे. तो चालतो."

"तो वाचताच येत नाही हो. जुनं चित्र पण पाठवलंय, त्यात शोधा बरं."

पुन्हा शांतता. मग ताई म्हणतात, "बरं. पण माझा फोटो टाक कोपऱ्यात. आणि एक लाल बाण."

तो कपाळाला हात लावतो, आवाज तसाच ठेवतो. "चेहरा टाकला तर तो वाटाण्याएवढा होईल, ताई. त्यासाठी वडी लहान करावी लागेल. बाण कशाकडे दाखवू? एकच तर वस्तू आहे."

चेहरा जातो. बाण जातो. चॅनेलचे चिन्ह मात्र राहते, वर डाव्या कोपऱ्यात. लहान चित्रात तो एक ठिपका असणार, हे दोघांनाही माहीत आहे.

दुपारी ३:१५

दोन ओळी. वर 'चिंच', खाली 'किती?'. शिरोरेघेपासून तळापर्यंत अक्षर एकशेसत्तर. भागाकार केला की बावीसहून थोडे जास्त. रंग चिंचेचा, जवळजवळ काळा तपकिरी.

एक अडचण उरते. 'चिं'. वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा ठिपका यांच्यात फट सहा पिक्सेलची. लहान झाल्यावर एकही नाही. ठिपका कमानीला चिकटतो आणि 'चिच' दिसते. वाचणारा अंदाजाने वाचेल. त्याला अंदाज नको आहे.

तो अक्षरांचे आकृतीत रूपांतर करतो. आता ती टाइप केलेली अक्षरे नाहीत, नुसते आकार आहेत. चूक झाली तर पुन्हा टाइप करावे लागेल, म्हणून आधी एक प्रत बाजूला ठेवतो. मग अनुस्वार सुटा करतो. थोडा मोठा करतो, उजवीकडे वर सरकवतो. फट वीस पिक्सेल. लहान खिडकीत अडीच. ठिपका सुटा दिसतो. मोठ्या चित्रात तो किंचित लांब गेल्यासारखा वाटतो. "मोठं चित्र बघतंय कोण?" तो म्हणतो.

ठिपका वर गेला, म्हणून ओळ चार-पाच पिक्सेल खाली घ्यावी लागते. ओळ खाली आली, तर 'किती'ची वेलांटी 'चिंच'च्या तळाला लागते. मग दोन ओळींत अंतर. या सरकवासरकवीत वीस मिनिटे जातात.

प्रश्नचिन्हाचा खालचा ठिपकाही तो मोठा करतो. अक्षरांभोवती पांढरी कड देत नाही. उजळ पिवळ्यावर गडद अक्षराला तिची गरज नाही. गरज पडलीच, तर कड अक्षराच्या मागे ठेवायची. वर ठेवली की ती आतून अक्षराला खाते.

दुपारी ४:१०

चाचणी. चित्र तडकलेल्या मोबाइलवर जाते. उजेड निम्म्याहून कमी करायचा. मग जिना उतरून खाली, उन्हात.

गिरणीवर दळण घेऊन आलेल्या एक मावशी बसल्या आहेत. तो मोबाइल त्यांच्यासमोर धरतो, मनात एक म्हणतो आणि काढून घेतो.

"काय लिहिलंय, मावशी?"

"चिंच किती."

"आणि कशाचं चित्र?"

"अळूची वडी. लिंबाएवढी घालावी बाई. माझी सून कमीच घालते."

तो वर येतो. चाचणी संपली. मावशींनी व्हिडिओतले उत्तरही सांगून टाकले.

दुपारी ४:४०

तो इतर चॅनेलच्या आठ-दहा अळूवड्यांच्या चित्रांमध्ये आपले चित्र बसवून बघतो, पडद्याचा फोटो काढून त्यावर चिकटवून. बहुतेक चित्रे हिरवी. पिवळे वेगळे दिसते. काळ्या रूपातल्या पानावरही बघतो. ठीक.

करडा चौकोन काढून टाकतो. फाइल जेपीजी. साडेतीनशे केबी. ताईंना पाठवतो. डॉक्युमेंट म्हणून.

संध्याकाळी ५:३०

ताई लिहितात: 'छान. फक्त प्रश्नचिन्ह लाल कर.' तो करडे करून बघतो. लाल जरा उजळ पडते, पण वाचता येते. करून देतो. दुरुस्ती पहिली. फुकट.

संध्याकाळी ६:००

व्हिडिओ जातो. चॅनेलचे काम करण्याची परवानगी त्याच्याकडे आहे, म्हणून चित्र तोच चढवतो. यूट्यूबवर एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तुलना करता येते. ताईंच्या समाधानासाठी तो जुने 'खुसखुशीत'वालेही दुसरे म्हणून लावतो. निकाल यायला दोन आठवडेही लागतात. तो नुसत्या क्लिकवर ठरत नाही, लोकांनी किती वेळ बघितले त्यावर ठरतो. म्हणजे चित्रात विचारले ते व्हिडिओत सापडलेच पाहिजे. इथे तिसऱ्या मिनिटाला सापडते. कधी निकाल लागतच नाही, दोन्ही सारखी ठरतात. पैसे तेवढेच. तीनशे, महिनाअखेरीस.

संध्याकाळी ६:४०

साच्यातली दोन कामे राहिली आहेत. एकशेवीस दुणे दोनशेचाळीस. ती दोन्ही मिळून तासाभरात होतात. आजच्या एका चित्राला दिवस गेला.

रात्री ८:००

गिरणी बंद. शटर ओढल्याचा आवाज. तो संगणक बंद करण्याआधी उद्याचा मेसेज उघडतो. दुसरे चॅनेल, उपवासाचे थालीपीठ. शीर्षक त्यांनीच दिले आहे: 'घरची भाजणी'.

तो ते टाइप करून लहान करतो आणि पडदा माझ्याकडे वळवतो.

'धरची माजणी'.